एकाच कानात गाणं: बाबांचा उजवा कान, बड, आणि फोनमधली एक पट्टी

आज धरमपेठेतूनच बोलतोय, घरच्या मागच्या खोलीतून. मध्ये कुकरची शिट्टी आली तर सांभाळून घ्या.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत घडलेला असणार. इअरबड्स लावले, गाणं सुरू केलं, आणि एकच बाजू वाजून राहिली आहे. दुसरी बाजू एकदम बंद तरी, नाहीतर इतकी हळू की गोधडीच्या आतून कोणी गातंय असं वाटावं. आपण काय करतो? बड काढतो, फुंकर मारतो, परत लावतो, दोनदा डबीत ठेवून काढतो, आणि मग नवीन ऑर्डर करतो. मीही हेच करत आलो. पण या वेळी मामला बाबांचा होता आणि नुसत्या बडचा नव्हता.

झालं असं की बाबा रोज सकाळी ट्रॅफिक पार्ककडे फिरायला जातात, कानात नाट्यसंगीत लावून. रिटायरमेंटला मीच त्यांना बड्स घेऊन दिले होते. मार्चमध्ये आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येऊन राहिलं. दोन महिने झाले. कोणाला सांगत नाहीत." मी बाबांना विचारलं तर म्हणाले, "अरे, वय झालं आता. उजवा गेला, डावा आहे. चालते." आणि माणूस खरंच हळूहळू फोनवर कमी बोलायला लागला होता, कार्यक्रमांना जाणं टाळत होता. बडमधून उजवीकडे कमी येतं म्हणजे आपला उजवा कान गेला, हे त्यांनी मनात पक्कं करून टाकलं होतं.

म्हणून सगळ्यात पहिली चाचणी बडची नाही, कानाची. आणि ती फुकट आहे. दोन्ही बड काढा. उजवा बड डाव्या कानाला लावा आणि डावा उजव्या कानाला. आकार उलटा असल्यामुळे नीट बसणार नाही, म्हणून आत कोंबू नका, बोटाने नुसते दाबून धरा. आता कमी आवाज कुठे येतो ते बघा. कमीपणा बडबरोबर दुसऱ्या कानात गेला, तर कान ठीक आहे, दोष बडमध्ये नाहीतर फोनमध्ये आहे. पण बड बदलूनही कमी आवाज त्याच कानात राहिला, तर तुमची वस्तू ठीक आहे, कान दाखवायला हवा.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. एखाद्याला एका कानाने अचानक, म्हणजे काही तासांत नाहीतर दोन-तीन दिवसांत कमी ऐकू यायला लागलं, तर ते कदाचित कानातला मळ असेल, पण कदाचित आतल्या नसेचा त्रासही असेल. त्यावर उपचार आहेत आणि ते जितके लवकर सुरू होतील तितका उपयोग होतो. म्हणजे "पुढच्या आठवड्यात बघू" असं नाही. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कानात काडी, तेल, काही घालू नका.

बाबांच्या बाबतीत बड बदलले आणि ते एकदम म्हणाले, "अरे, आता डाव्यात कमी येऊन राहिलं!" त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. दोन महिन्यांचं ओझं अर्ध्या मिनिटात उतरलं. (तरी नंतर मी त्यांना कानाची तपासणी करायला लावलीच. दोन्ही कान सारखे निघाले, वयामानाने बारीक आवाज थोडे कमी, बस.)

कान सुटला. आता दोन संशयित राहिले, फोन आणि बड. यांना वेगळं करायलाही एकच उपाय आहे. तेच बड दुसऱ्या फोनला जोडा, आणि दुसरे बड पहिल्या फोनला. कमीपणा फोनबरोबर राहिला तर सेटिंग. बडबरोबर राहिला तर बड.

मी इंजिनिअर माणूस, म्हटलं नुसतं कानाने कशाला, मोजू. जुन्या फोनवर आवाजाची पातळी दाखवणारं फुकट ॲप टाकलं. एक सारखा खरखराट असलेली ऑडिओ फाइल लावली, कारण गाण्यात आवाज वरखाली होतो आणि मोजता येत नाही. मग एकेक बड जुन्या फोनच्या माइकला अगदी चिकटवून धरला. अशा ॲपचे आकडे खरे मानायचे नाहीत, फक्त दोन आकड्यांतला फरक बघायचा. आणि बड दर वेळी तसाच धरायचा, नाहीतर तेवढ्यानेच आकडा हलतो, म्हणून मी प्रत्येक बड तीन-तीनदा मोजला.

माझ्या फोनवरून वाजवलं तेव्हा डाव्याला ७४, उजव्याला ६१. म्हणजे उजवा १३ डेसिबलने कमी. १० डेसिबल कमी झालं की कानाला साधारण अर्धा आवाज वाटतो, तेव्हा १३ म्हणजे चांगलाच खड्डा.

मग तेच बड बाबांच्या फोनला जोडले. डावा ६६, उजवा ६१. फरक फक्त ५!

इथे मी पाच मिनिटं डोकं खाजवत बसलो. बड तेच, फाइल तीच, व्हॉल्यूम दोन्हीकडे पूर्ण. बडमध्ये दोष असेल तर तो कुठल्याही फोनवर तेवढाच दिसायला पाहिजे ना? पण बाबांच्या फोनवर उजवा जिथल्या तिथे होता आणि डावा ८ ने खाली आला होता. म्हणजे बाबांचा फोन डाव्या बाजूचा आवाज मुद्दाम कमी करत होता. बडमध्ये एक दोष होता आणि त्यावर फोनमध्ये दुसरी गोष्ट बसली होती, पहिल्याला झाकत.

फोनचं Settings उघडलं, Accessibility मध्ये गेलो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तिथे Audio adjustment नाहीतर Hearing enhancements असं काहीतरी मिळतं, आयफोनमध्ये Audio & Visual. नाव कंपनीप्रमाणे बदलतं, म्हणून सरळ वरच्या शोधपट्टीत balance टाइप करा. तिथे एक आडवी पट्टी असते, एका टोकाला L, दुसऱ्याला R, आणि मध्ये गोल. बाबांचा गोल मधून बराच उजवीकडे सरकलेला होता. आणि वरचा Mono audio सुद्धा सुरू!

चौकशी केली तर कळलं, सुट्टीत आलेल्या भाच्याने आजोबांना मदत केली होती. "आजोबा, उजवीकडे कमी येते ना, थांबा, मी जास्त करून देतो." बिचाऱ्याची चूक नाही. पण ही पट्टी कशी काम करते ते त्याला माहीत नव्हतं. उजवीकडे सरकवल्याने उजवा आवाज वाढत नाही, डावा कमी होतो. फोनचा व्हॉल्यूम आधीच पूर्ण असेल तर वाढवणार कुठून? म्हणजे उजवा होता तितकाच राहिला आणि डावाही खाली आला. मग बाबांना सगळंच हळू वाटायला लागलं आणि त्यांची "आपण बहिरे होऊन राहिलो" ही खात्री अजून वाढली.

आता मोनो. याच्याबद्दल फार गोंधळ आहे, म्हणून थोडं थांबतो. साध्या गाण्यात दोन वेगळे प्रवाह असतात, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. मोनो सुरू केलं की फोन दोन्ही एकत्र मिसळतो आणि तेच मिश्रण दोन्हीकडे पाठवतो. ज्यांना खरंच एका कानाने ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही सोय आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूचं वाद्य हरवत नाही. पण मोनो बड दुरुस्त करत नाही. मेलेल्या बडला मिश्रण पाठवलं काय आणि वेगळं पाठवलं काय, तो वाजणार नाही.

मोनोचा खरा उपयोग तपासणीत आहे. एक बाजू गप्प आहे, मोनो सुरू केलं आणि ती एकदम बोलायला लागली, तर तुमचे बड शाबूत आहेत. दोष त्या फाइलमध्ये आहे. असं होतं का? होतं. आमच्याच पॉडकास्टचा पहिला एपिसोड फक्त डाव्या कानात वाजत होता! माइक मशीनच्या पहिल्या खोबणीत लावला, सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक स्टिरिओ ठेवला, आणि उजवा प्रवाह रिकामाच राहिला. मी लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून अपलोड केला, त्यावर काय कळणार! लोकांनी बड्स बदलले असतील बिचाऱ्यांनी. काही जुन्या रेकॉर्डिंग्जमध्ये तर असं असतंच. बीटल्सचा १९६३ चा पहिला अल्बम स्टिरिओ आवृत्तीत ऐका, गाणारे एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला. एकच बड लावून ऐकलं तर वाटेल गायक पळून गेला.

पण मोनो सुरू राहून गेलं की तपासणीच फसते. यूट्यूबवर "लेफ्ट, राइट" सांगणारे व्हिडिओ असतात ना, ते बाबांच्या फोनवर लावले असते तर "लेफ्ट" हा शब्दही दोन्ही कानांत आला असता. म्हणून क्रम असा ठेवा. आधी मोनो बंद, पट्टी मध्यावर, आणि बड्सचं स्वतःचं ॲप असेल तर त्यातलंही बॅलन्स नाहीतर कानाप्रमाणे जुळवलेलं सेटिंग बंद. मग बाकीचं. मी हे आधी केलं असतं तर आकडे मोजायची पाळीच आली नसती, हे कबूल आहे. पण मजा आली.

लॅपटॉपवाल्यांसाठी, ज्यांच्याकडे ffmpeg आहे, एका बाजूचा शुद्ध सूर असा बनतो:

```
ffmpeg -f lavfi -i "sine=frequency=440:duration=5" -af "pan=stereo|c0=c0" left.wav
ffmpeg -f lavfi -i "sine=frequency=440:duration=5" -af "pan=stereo|c1=c0" right.wav
```

पहिली फाइल फक्त डावीकडे वाजली पाहिजे, दुसरी फक्त उजवीकडे. दोन्हीकडे वाजली तर कुठेतरी मोनो सुरू आहे. फोनवर पाठवताना फाइल म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज म्हणून नाही.

बरं, बाबांचं सेटिंग सरळ केलं. तरी उजवा १३ ने कमी होताच. आता बड हातात घेतला. रबराची टोपी काढली, टॉर्च मारला. डाव्या बडची जाळी चंदेरी दिसत होती, एकेक भोक मोजता येईल अशी. उजव्याची पिवळट, चकचकीत, सपाट. कानातला मळ. एक कान दुसऱ्यापेक्षा जास्त मळ करू शकतो, त्यात काही वावगं नाही. त्यात नागपूरचा उन्हाळा, घाम, गाडीवर तोंडाला बांधलेला दुपट्टा आणि धूळ. सगळं मिळून त्या जाळीवर लेप बसतो.

साफ कशी करायची ते नीट ऐका, कारण इथेच लोक चांगले बड मारतात. जाळी खाली, जमिनीकडे तोंड करून धरा. कोरडा, मऊ, लहान मुलांचा टूथब्रश घ्या आणि हळूहळू झाडा, म्हणजे सुटलेला मळ खाली पडेल, आत जाणार नाही. लेप जुना आणि कडक असेल तर ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी ओलावा द्या, थेंब नको, आणि लगेच कोरड्या टिश्यूवर जाळी टेकवून टिपून घ्या. हे दोन-तीनदा करा, मग दोन तास तरी तसंच उघडं ठेवा आणि तोवर डबीत ठेवून चार्ज करू नका. कंपनीने स्वतःची पद्धत सांगितली असेल तर तीच वापरा. ॲपल काही एअरपॉड्ससाठी मायसेलर वॉटर आणि ब्रश सांगते, पण ते सगळ्या बड्सना लागू होतं असं समजू नका.

टाचणी, सेफ्टीपिन, शिवणाची सुई, नको. जाळीच्या मागे लगेच एक पातळ पडदा असतो, त्याला भोक पडलं की संपलं. फुंकर पण नको, तोंडातली वाफ आणि मळ दोन्ही आत जातात. पंपाची हवा तर अजिबातच नको.

बाबांच्या उजव्या बडमधून टिश्यूवर जे काही आलं ते मी वर्णन करत नाही, तुम्ही जेवत असाल. पण त्यानंतर मोजलं, डावा ७४, उजवा ७३. एक डेसिबलचा फरक नुसता हात हलल्यानेही येतो.

आता गंमत. मी बाबांना तो बड आधी दिला तेव्हा त्यांच्या फोनवर पट्टी परत उजवीकडे होती, कारण भाच्याने "मी नीट केलं होतं, मामाने बिघडवलं" म्हणून पुन्हा सरकवली होती! बाबा म्हणाले, "आता डावा कान गेला रे." मी एक शब्द न बोलता त्यांच्यासमोर गोल मध्यावर आणला. दोघं हसलो. भाच्याला समजावून सांगितलं, तो म्हणाला, "मग त्यावर लिहायला पाहिजे ना की दुसऱ्याचा कमी होते म्हणून." मुद्दा बरोबर आहे.

हे झालं मळाचं. मळाची ओळख काय? आवाज हळूहळू कमी होतो, आठवड्यांत. फाटत नाही, किरकिरत नाही, फक्त दबतो, आणि स, श, झांज, टाळ असे तीक्ष्ण आवाज जास्त हरवतात. बडवर टिचकी मारा, मान हलवा, काही फरक पडत नाही.

ड्रायव्हर खराब व्हायला लागला की नेमकं उलटं होतं. ड्रायव्हर म्हणजे बडच्या आतला छोटा स्पीकर, एक पातळ पडदा, त्याला चिकटलेली केसासारख्या तारेची गुंडाळी, आणि मागे चुंबक. ती गुंडाळी हलते तसा पडदा हलतो. तारेचा सांधा घामाने गंजला तर आवाज येतो, जातो. टिचकी मारली की येतो, जबडा हलवला की जातो. पडदा फाटला, निसटला, नाहीतर त्यावर एखादा केस जाऊन बसला, तर जाड आवाजावर, म्हणजे तबल्याच्या बायावर, कमी व्हॉल्यूमलाही घर्र होतं.

हे माझ्या स्वतःच्या बड्समध्ये झालं, मागच्या पावसाळ्यात. डावा कमी यायला लागला, मी ब्रश घेऊन बसलो, जाळी आधीच स्वच्छ होती. मग बारीकपासून जाडपर्यंत हळूहळू सरकणारा सूर लावला, यूट्यूबवर फ्रिक्वेन्सी स्वीप म्हणून मिळतो, व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून. जाड भागात शंभर हर्ट्झच्या आसपास डाव्यात घर्र, उजव्यात काही नाही. टोपी घट्ट बसवून परत लावला, कारण ढिली टोपीही थरथरते. तरी घर्र. दुसऱ्या फोनवर, घर्र तिथेच. म्हणजे ड्रायव्हर. सीताबर्डीला एका दुकानात नेला, दुकानदार भला माणूस, म्हणाला, "भाऊ, हे चिकटवलेलं आहे. उघडलं तर परत तसं बसत नाही, पाणी जाईल." वॉरंटीत होते म्हणून बदलून मिळाले. वॉरंटी नसेल तर बऱ्याच कंपन्या एकच बड विकतात का ते आधी विचारा, पूर्ण जोडी घेण्याआधी.

वायरवाल्यांसाठी दोन वाक्यं. वायर पिनजवळ वाकवून बघा, आवाज खरखरत आला-गेला तर वायर तुटतेय. आणि कधी गाणं वाजतंय पण गायकच गायब, फक्त दूरचा कोरस आणि वाद्यं, असं झालं तर पिन अर्धवट बसली आहे, नाहीतर दोन्ही बाजूंची सामायिक तार तुटली आहे. तेव्हा तुम्हाला डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो, आणि गायक दोन्हीकडे सारखा असतो म्हणून वजा होतो.

आणि एक बड पूर्णच मेला असेल, एक अंशही आवाज नाही, तर वरचं काही करण्याआधी फोनवर त्याची बॅटरी दिसते का बघा. नसेल दिसत तर डबीतल्या त्या सोनेरी टोकांवर मळ असतो आणि बड चार्जच झालेला नसतो. कोरड्या कापडाने पुसा, अर्धा तास ठेवा. मग ब्लूटूथमधून काढून परत जोडा. आणि मे महिन्यात बड्स गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, नागपुरात बाहेर ४५ अंश असताना आत त्याहून जास्त असतं, बॅटरी तिथेच म्हातारी होते.

कुकरची शिट्टी झाली, ऐकली असेल तुम्ही, आशा आहे की दोन्ही कानांत. बाबा आता फिरून आले की स्वतःच टोपी काढून टॉर्चने जाळी बघतात आणि मग मला बोलावतात, "ये, बघ, पिवळी झाली का?" रोज. रोज नाही होत बाबा. चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.